पाडव्याला विकलेली कुर्ती एप्रिलमध्ये परत येते: ऑनलाइन विक्रेत्यांना आणि त्यांची खाती लिहिणाऱ्यांना खुले पत्र

ऑनलाइन कपडे विकणाऱ्या सर्व लहान-मध्यम विक्रेत्यांना आणि त्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेरची विक्री किती, असं विचारलं की बहुतेक जण डॅशबोर्ड उघडून आकडा वाचून दाखवतात. तो आकडा विक्रीचा नसतो, ऑर्डरींचा असतो. त्यातला काही माल अजून कुरिअरच्या गाडीत असतो. काही ग्राहकाच्या घरी पोचलेला असतो, पण 'सात दिवसांत परत करा' ही मुदत चालू असते. काही परतीच्या वाटेवर असतो आणि तुमच्या वहीत मात्र अजून विकलेला दिसतो. या तीन ढिगांचा वेगवेगळा हिशेब केल्याशिवाय ताळेबंद बंद करू नका, एवढंच या पत्राचं म्हणणं आहे. ते कसं करायचं आणि कुठे घसरायला होतं, हे एका उदाहरणातून सांगतो.

उदाहरण ३१ मार्च २०२५ चं घेऊ. त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला होता. पाडव्यासाठी घेतलेले कपडे शुक्रवार-शनिवारपर्यंत घरी पोचले, सोमवारी आर्थिक वर्ष संपलं आणि परतीची मुदत नव्या वर्षात गेली. म्हणजे विक्री एका वर्षात, परतावा दुसऱ्या वर्षात. हिशेब शिकायला याहून चांगला आठवडा सापडणार नाही.

समजा, इचलकरंजीतला एक विक्रेता मार्केटप्लेसवर कुर्ती विकतो. किंमत ८४० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटीचे ४० रुपये, म्हणजे त्याची खरी विक्री ८०० रुपयांची. माल घरात पडतो ४५० रुपयांना. मार्केटप्लेसचं कमिशन नगामागे ११० रुपये, आणि माल परत आला तर ते कमिशन परत मिळतं. उलट्या वाहतुकीचे ९० रुपये मात्र विक्रेत्याच्या माथी. ग्राहकाला डिलिव्हरीपासून सात दिवसांची मुदत. (आकडे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत. तुमच्या करारातले दर त्या जागी घाला.)

पहिला ढीग वाटेतल्या मालाचा. ३१ मार्चच्या संध्याकाळी २६० नग पाठवलेले आहेत, पण पोचलेले नाहीत. इथे तरतूद करण्याचा, म्हणजे पुढे येणाऱ्या परताव्याची रक्कम आधीच विक्रीतून कमी धरण्याचा प्रश्नच नाही, कारण ही अजून विक्रीच नाही. वाटेत माल हरवला तर तो विक्रेत्याचा हरवतो, ग्राहकाने दारातून परत पाठवला तर एक रुपयाही मिळत नाही. पैसे दारात द्यायच्या ऑर्डरींत हे नेहमीचंच, आणि धंद्यात त्याला 'आरटीओ' म्हणतात. (गाडीच्या पासिंगचं ते आरटीओ नव्हे. न स्वीकारता मूळ ठिकाणी परत आलेला माल.) आरटीओ आणि ग्राहकाने घेऊन मग परत केलेला माल या दोन गोष्टी एकाच 'रिटर्न' रकान्यात टाकणं ही आम्हाला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. मग कुणी म्हणतो, 'आमचा रिटर्न रेट पस्तीस टक्के आहे', आणि त्यातले पंधरा टक्के मुळात कधी विकलेच गेलेले नसतात. ज्या मालाची डिलिव्हरीच झाली नाही, त्याच्यामुळे तरतुदीचा दर फुगवू नका. हे २६० नग आपल्या शिलकी मालात, २६० गुणिले ४५० म्हणजे १,१७,००० रुपये, 'वाटेतला माल' म्हणून दाखवा. विक्रीतून २,०८,००० रुपये कमी करा.

इथे सहकारी लगेच विचारतील, बिल तर मार्चचं आहे, जीएसटीचं काय? जीएसटी बिलाप्रमाणे मार्चच्या रिटर्नमध्ये जाईल, तो अडवता येत नाही. म्हणून पुस्तकातली विक्री आणि जीएसटीत दाखवलेली विक्री यांत फरक पडणारच. तो फरक लपवायचा नसतो, एका पानावर जुळवून ठेवायचा असतो: बिलाप्रमाणे विक्री, वजा वाटेतला माल, वजा अपेक्षित परतावा, बरोबर पुस्तकातली विक्री. फॉर्म २६एएस बघतानाही हेच. मार्केटप्लेसने कापलेला टीडीएस ढोबळ रकमेवर असतो, त्यामुळे तिथला आकडा तुमच्या विक्रीपेक्षा मोठा दिसतो. जुळवणीचं हे एक पान फाइलला असेल तर पुढे नोटीस आली तरी उत्तर दहा मिनिटांत तयार होतं.

दुसरा ढीग परतीच्या विनंत्या आलेल्या मालाचा. ३१ मार्चला ८० विनंत्या उघड्या आहेत. त्यातल्या पाचेक दर वेळी रद्द होतात. पिकअपवाला जातो तेव्हा ग्राहक घरी नसतो, किंवा विचार बदलून कुर्ती ठेवून घेतो. म्हणजे ७५ नग नक्की येणार. यात अंदाज फारसा नाही, यादी समोर आहे. तरीही हा ढीग सुटतो, कारण माल गोदामात पोचून स्कॅन होईपर्यंत बरेच जण परताव्याची नोंदच करत नाहीत. परतीचा प्रवास आठ-दहा दिवसांचा असतो. तेवढे दिवस तो नग विकलेलाही नसतो आणि शिलकीतही नसतो.

तिसरा ढीग खरा अवघड. माल पोचलाय, मुदत चालू आहे, ग्राहक अजून काहीच बोललेला नाही. २५ ते ३१ मार्चच्या दरम्यान ६०० नग पोचले. त्यातल्या ज्यांच्या विनंत्या आल्या ते दुसऱ्या ढिगात गेले, बाकीचे या ढिगात आहेत. (२४ तारखेला पोचलेल्यांची मुदत ३१ च्या रात्री संपली.) यातले आणखी किती परत येतील?

इथे सरसकट टक्का लावून चालत नाही. महिन्याचे परतावे भागिले महिन्याची विक्री, हा सगळ्यांचा आवडता भागाकार फसवा आहे. कसा, ते बघा. धरा की शंभरातले वीस नग नेहमीच परत येतात. त्यातले निम्मे त्याच महिन्यात येतात, निम्मे पुढच्या महिन्यात. फेब्रुवारीत १,००० नग विकले, मार्चमध्ये सणाच्या सेलमुळे २,०००, एप्रिलमध्ये ८००. मार्चमध्ये आलेले परतावे म्हणजे फेब्रुवारीचे १०० आणि मार्चचे २००, एकूण ३००. भागिले २,०००, उत्तर १५ टक्के. मालक खूश, यंदा माल चांगला निघाला. एप्रिलमध्ये मार्चचे २०० आणि एप्रिलचे ८०, एकूण २८०. भागिले ८००, उत्तर ३५ टक्के. मालक हवालदिल, शिंप्याला फोन. ग्राहकांचं वागणं मात्र तिन्ही महिन्यांत तसूभरही बदललेलं नाही, वीसचे वीसच. विक्री वाढते तेव्हा हा भागाकार कमी दाखवतो, घटते तेव्हा जास्त. आणि तरतूद नेमकी विक्री फुगलेली असताना करायची असते, म्हणजे चूक नेहमी नफा वाढवणाऱ्या बाजूलाच पडते.

बरोबर पद्धत अशी: परतावा कोणत्या तारखेला आला हे विसरा, तो ज्या डिलिव्हरीचा आहे तिच्या तारखेला बांधा. जानेवारीत पोचलेले सगळे नग घ्या आणि प्रत्येक परतावा डिलिव्हरीनंतर कितव्या दिवशी मागितला गेला ते मोजा. यासाठी मार्केटप्लेसच्या ऑर्डर रिपोर्ट आणि रिटर्न रिपोर्टमधून चार रकाने पुरतात: ऑर्डर क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, परतीच्या विनंतीची तारीख, आणि परतावा पूर्ण झाला की रद्द. दोन्ही रिपोर्ट ऑर्डर क्रमांकावर जोडा. एका ऑर्डरमध्ये दोन कुर्त्या असतील तर ऑर्डर क्रमांक दोनदा येतो आणि जोडणी चुकते, तेव्हा ओळीचा वेगळा क्रमांक असेल तर तो वापरा.

डिलिव्हरीची तारीख C रकान्यात, विनंतीची D मध्ये, आणि परतावा पूर्ण झाला असेल तर F मध्ये Y असं धरलं, तर E2 मध्ये दिवस काढायचे आणि मग जानेवारीच्या डिलिव्हरींपैकी पहिल्या दोन दिवसांत किती फिरल्या ते मोजायचं:

```
=IF(D2="","",INT(D2)-INT(C2))
=COUNTIFS(C:C,">="&DATE(2025,1,1),C:C,"<"&DATE(2025,2,1),E:E,"<=2",F:F,"Y")
```

दुसरं सूत्र E रकान्याच्या बाहेर कुठेही ठेवा. शेवटच्या दोनच्या जागी एक, चार, सहा, सात घालत गेलं की परताव्याची चाल कळते. आपल्या विक्रेत्याची चाल अशी निघाली असं धरू: शंभर नग पोचले की शेवटी वीस परत येतात. पहिल्या दिवसअखेर तीन विनंत्या आलेल्या असतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास दहा, पाचव्या-सहाव्याला पंधरा, आणि मुदत संपताना उरलेल्या पाच. शेवटच्या दिवशी आठवण झाल्यासारख्या विनंत्या येतात. तो छोटा उंचवटा जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये दिसतो.

आता ६०० नग वयाप्रमाणे वेगळे करा. २५ ते २७ मार्चला २०० नग पोचले. त्यांचे शंभरी पंधरा येऊन गेले, पाच यायचेत, म्हणजे १०. २८ आणि २९ मार्चला, पाडव्याच्या तोंडावर, ३०० पोचले. दहा आले, दहा यायचे, म्हणजे ३०. ३० आणि ३१ तारखेला १०० पोचले. तीन आले, सतरा यायचे, म्हणजे १७. एकूण ५७. ताळा करायचा तर उलट बाजूने बघा: या ६०० पैकी आतापर्यंत ३०, ३० आणि ३ म्हणजे ६३ विनंत्या आलेल्या असायला हव्यात. दुसऱ्या ढिगातल्या ७५ पैकी ६३ याच आठवड्याच्या असतील आणि बाकी १२ जुन्या डिलिव्हरींच्या, तर तुमची चाल आणि प्रत्यक्ष यादी जुळते. ६३ च्या जागी नव्वद निघाल्या, तर या खेपेत काही बिनसलंय. साइज चार्ट चुकलाय, नाहीतर फोटोतला रंग आणि कापडाचा रंग वेगळा आहे. तेव्हा जुना दर बाजूला ठेवून नवा धरावा लागतो.

म्हणजे ७५ अधिक ५७, एकूण १३२ नग परत येणार.

तरतूद ८०० ने करायची की ८४० ने, यावर बराच गोंधळ असतो. ग्राहकाला ८४० द्यावे लागतात हे खरं. पण त्यातले ४० तुमची विक्री कधीच नव्हती. माल परत आल्यावर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढली की ते ४० तुमच्या देण्यातून वजा होतात. म्हणून विक्रीतून १३२ गुणिले ८००, म्हणजे १,०५,६०० रुपये कमी करायचे. ५,२८० रुपयांचा जीएसटी तसाच देणं म्हणून उभा राहतो आणि क्रेडिट नोटेबरोबर सुटतो. तरतुदीच्या जोरावर मार्चचा जीएसटी कमी भरू नका. अंदाजाची क्रेडिट नोट नसते, ती प्रत्यक्ष परताव्यावरच निघते आणि ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये जाते. २०२४-२५ च्या बिलांसाठी ती जाहीर करायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं असेल तर ती. सात दिवसांच्या मुदतीला हे भरपूर वाटतं, पण वादात अडकलेले परतावे दिवाळीनंतर सुटतात तेव्हा ही तारीख निघून गेलेली असते.

आता दुसरी बाजू, जी निम्मे लोक विसरतात. विक्री काढली तर माल परत घ्यायला हवा. १३२ नगांची मूळ किंमत ५९,४०० रुपये. पण परत आलेली प्रत्येक कुर्ती पहिल्यासारखी नसते. आपल्या विक्रेत्याच्या नोंदीप्रमाणे १०० नग घडी घालून, नवी पिशवी लावून पुन्हा पूर्ण भावात जातात. २० डाग पडलेले किंवा टॅग तुटलेले, ते २५० रुपयांना निघतात. १२ मध्ये फाटकं, दुसऱ्याच कुणाचं जुनं कापड भरलेलं पार्सल, किंवा वाटेत गायब झालेलं. त्यांची किंमत शून्य. म्हणजे परत येणारा माल ४५,००० अधिक ५,०००, एकूण ५०,००० रुपयांचा. त्यातून तो घरी आणण्याचा खर्च, १३२ गुणिले ९०, म्हणजे ११,८८० वजा. राहिले ३८,१२०. हा झाला 'परत येणाऱ्या मालाचा हक्क'. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस ११५ या लेखा मानकात, जे १ एप्रिल २०१८ पासून अमलात आहे, नेमकी हीच रीत आहे: एका बाजूला परताव्याचं देणं, दुसऱ्या बाजूला मालाचा हक्क, आणि दोन्ही वेगवेगळे दाखवायचे. एकमेकांतून वजा करून एकच आकडा ठेवायचा नाही.

'आम्ही कुठे कंपनी, आम्हाला ते लागू नाही,' हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. इंड एएस लागू नसेल, पण आयसीएआयचं १९८५ चं जुनं लेखा मानक एएस ९ सुद्धा, पसंत नसेल तर पैसे परत अशी हमी असलेल्या किरकोळ विक्रीबद्दल, विक्री धरा पण मागच्या अनुभवावरून परताव्याची योग्य तरतूद करा, अशाच अर्थाचं सांगतं. चाळीस वर्षांपूर्वी ते ऑनलाइन धंद्यासाठी लिहिलेलं नव्हतं, तरी नेमकं बसतं.

नोंदी अशा होतात. पहिली: अपेक्षित विक्री परतावा खाते नावे १,०५,६००, परतावा देणे खाते जमा १,०५,६००. दुसरी: परत येणारा माल खाते नावे ३८,१२० आणि परताव्यातील नुकसान व वाहतूक खाते नावे २१,२८०, विकलेल्या मालाचा खर्च खाते जमा ५९,४००. तिसरी कमिशनची: मार्केटप्लेस येणे खाते नावे १४,५२०, कमिशन खर्च खाते जमा १४,५२०. ही तिसरी नोंद विसरली तर उलटी चूक होते. विक्री काढली आणि तिच्यावरचं कमिशन खर्चात राहिलं, म्हणजे नफा गरजेपेक्षा कमी दिसला. जे शुल्क परत मिळत नाही, जाण्याची वाहतूक किंवा ठरावीक फी, ते मात्र खर्चातच राहू द्या. ज्यांच्याकडे प्रत्येक विक्रीला मालाचा खर्च लागत नाही, वर्षाअखेर शिल्लक मोजूनच नफा निघतो, त्यांनी दुसऱ्या नोंदीऐवजी ३८,१२० रुपये शिलकी मालाच्या यादीत वेगळ्या ओळीत घालावेत. गोदामातल्या मालात मिसळू नका. बँकेचा माणूस स्टॉक बघायला आला की ते १३२ नग कुठे आहेत असं विचारेल, आणि ते अजून लोकांच्या कपाटात असतील.

सगळं मिळून नफ्यावर परिणाम: १,०५,६०० वजा ३८,१२० वजा १४,५२०, म्हणजे ५२,९६० रुपये. एवढा नफा मार्चमध्ये दिसत होता, आणि तो नव्हता. ज्याने त्यावर विश्वास ठेवून भागीदारांत वाटणी केली, त्याला एप्रिलच्या पेआउटमध्ये तो खड्डा दिसतो.

आता थोडं पैशांबद्दल, कारण तरतूद आणि बाजूला काढलेले पैसे ही एकच गोष्ट नाही. तरतूद वहीत असते. पैसे बाजूला ठेवायचे की नाही, हे मार्केटप्लेस पेआउट कधी करतं यावर ठरतं. परतीची मुदत संपल्यावरच पेआउट होत असेल, तर ६०० नगांचे पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत. तुम्हाला रोख बाजूला काढायची गरज नाही, फक्त येणे रक्कम कमी दाखवा. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही तीच कमी केलेली येणी द्या, नाहीतर न येणाऱ्या पैशावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून उचलता येणारी रक्कम, मोजली जाते. पण डिलिव्हरीनंतर दोन-तीन दिवसांत पैसे देणारी योजना तुम्ही घेतली असेल, तर परताव्याची रक्कम पुढच्या पेआउटमधून कापली जाते. सणानंतर विक्री पडते, कापणी मात्र सणाच्या विक्रीची असते, आणि एखाद्या आठवड्यात सेटलमेंट उणे निघते. अशांनी प्रत्येक पेआउट जमा झाला की त्यातल्या मुदत चालू असलेल्या नगांच्या 'यायच्या' परताव्याइतके पैसे दुसऱ्या खात्यात सरकवावेत. वरच्या उदाहरणात २५ ते २७ च्या २०० नगांचे पैसे मिळून गेले असतील, तर त्यांचे १० नग यायचेत. नगामागे ८४० अधिक ९० वाहतूक वजा ११० कमिशन, म्हणजे ८२०. १० नगांचे ८,२०० रुपये. विनंती आलेल्या पण पैसे अजून न कापलेल्या नगांचे यात मिळवा. इथे ८०० नव्हे, ८४० धरायचे, कारण कापणी पूर्ण रकमेची होते.

आता अंदाज चुकतो कुठे, ते याच उदाहरणात बघा. २० एप्रिलला हिशेब केला तेव्हा १३२ च्या जागी १४१ नग आले. बाकी सगळे ठरल्याप्रमाणे, फरक पडला तो २८-२९ तारखेच्या ३०० नगांत. तीस यायचे, आले एकोणचाळीस. कारण उघड आहे. शनिवारी कुर्ती आली, रविवारी गुढीसमोर फोटो झाले, मंगळवारी 'साइज बसत नाही' असं कारण टाकून विनंती. पार्सल उघडलं की कळतं: बगलेत अत्तराचा वास, खांद्याला पिनेची दोन बारीक भोकं, टॅग पुन्हा दोऱ्याने अडकवलेला. साध्या दिवसांत परतावे पहिल्या दोन-तीन दिवसांत दाटतात. सणात ते सण उलटल्यावर दाटतात. जानेवारीची चाल पाडव्याला लावली तर कमीच पडणार. पाडव्याच्या आठवड्यासाठी मागच्या दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या आठवड्याची चाल घ्या. आणि अशा खेपेत पूर्ण भावात पुन्हा विकल्या जाणाऱ्या नगांचं प्रमाणही घटतं, म्हणून मालाच्या हक्काचा आकडाही कमी धरा. नव्या डिझाइनचा इतिहासच नसेल तर जवळच्या जुन्या डिझाइनचा दर घ्या आणि त्यात थोडा जास्त परतावा धरा. धरलेली विक्री नंतर मोठ्या प्रमाणात मागे घ्यावी लागणं, हेच या मानकांना नको असतं.

दर किती बारीक फोडायचा, यातही अतिरेक होतो. रंग, साइज, पिनकोड असं फोडत गेलं की प्रत्येक कप्प्यात वीस-पंचवीस नग उरतात, आणि दोन परतावे इकडचे तिकडे झाले तरी दर दहा टक्क्यांनी हलतो. आमचा अनुभव असा की पैसे आधी दिलेले आणि दारात दिलेले, आणि अंगाला बेतावे लागणारे कपडे व न लागणारे (दुपट्टा, साडी), एवढे चार कप्पे बहुतेकांना पुरतात.

साइज बदलून दिलेली कुर्ती परतावा नव्हे. तीच वस्तू, तीच किंमत, फक्त साइज वेगळा, तर विक्री कायम राहते आणि फक्त वाहतुकीचा खर्च धरायचा. पण काही ठिकाणी रिपोर्टमध्ये बदली म्हणजे एक परतावा आणि एक नवी ऑर्डर अशी पडते, तेव्हा परताव्याचा दर आणि विक्री दोन्ही फुगतात. एखाद्या ऑर्डरची पूर्ण वाट हाताने तपासून बघा. सदोष माल निघाला म्हणून झालेली बदली हा वॉरंटीचा विषय, तो इथे मिसळू नका.

शेवटची मोठी चूक एप्रिलमध्ये होते. मार्चला तरतूद केली, आणि एप्रिलमध्ये आलेले परतावे पुन्हा एप्रिलच्या विक्री परताव्यात टाकले. एकच कुर्ती दोनदा परत आली. हे टाळायला मार्चच्या डिलिव्हरींचे परतावे एप्रिलमध्ये 'परतावा देणे' खात्याला नावे टाका. मुदत आणि परतीचा प्रवास संपला, म्हणजे साधारण एप्रिलअखेर, की त्या खात्यात जे उरेल तो तुमच्या अंदाजातला फरक. मेमध्येही खात्यात मोठी शिल्लक दिसली तर समजा की कुणीतरी परतावे दुसरीकडे टाकलेत.

आणि एक सवलत, जी फार जण वापरत नाहीत. वर्षाची खाती जून ते सप्टेंबरदरम्यान सह्या होऊन बाहेर पडतात. तोवर मार्चच्या प्रत्येक नगाचं काय झालं ते ठाऊक झालेलं असतं. ताळेबंदाच्या तारखेनंतर मिळालेली पण त्या तारखेच्या परिस्थितीबद्दलची माहिती, लेखा मानक एएस ४ प्रमाणे, खात्यात घ्यायचीच असते. तेव्हा वर्षाच्या ताळेबंदात १३२ चा अंदाज नको, १४१ चा खरा आकडा घाला. विक्रीतून आणखी ७,२०० रुपये कमी होतील, आणि वाढलेल्या नऊ नगांचा माल, वाहतूक, कमिशन त्याच रीतीने फिरवा. अंदाज लागतो तो १० एप्रिलला बँकेला आकडे देताना, दर महिन्याचा नफा काढताना, भागीदारांना रक्कम उचलू द्यायची की नाही ते ठरवताना.

प्राप्तिकरातही याचा उपयोग होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रोटॉर्क कंट्रोल्सच्या प्रकरणात वॉरंटीची तरतूद मान्य केली, ती मागच्या अनुभवावरून, पद्धतशीरपणे, विश्वासार्ह मोजमाप करून काढलेली होती म्हणून. तो निकाल वॉरंटीचा आहे, परताव्याचा नव्हे, पण तरतुदीकडे कसं बघितलं जातं ते त्यातून कळतं. नुसते 'विक्रीच्या पाच टक्के' असे गोल आकडे टाकले तर ते नाकारले जाण्याची शक्यता मोठी. डिलिव्हरीच्या तारखेप्रमाणे केलेला तक्ता, पुढे आलेल्या खऱ्या परताव्यांची यादी आणि क्रेडिट नोटांचे क्रमांक एकत्र ठेवले, तर बोलायला आधार असतो.

हा तक्ता बनवायला सुरुवातीला एक दुपार लागते, नंतर महिन्याला तासभर. मार्केटप्लेसचे जुने रिटर्न रिपोर्ट ठरावीक काळानंतर डाउनलोड होत नाहीत, तेव्हा मागच्या दिवाळीचा रिपोर्ट आजच उतरवून ठेवा. येत्या पाडव्याला तोच लागेल.

आपले,
ऑनलाइन विक्रेत्यांची खाती लिहिणारे काही हिशेबनीस